कर भरला, पण वर्ष चुकलं: बाबांच्या चलनाची दुरुस्ती

सप्टेंबर २०२५ मध्ये बाबांनी आयकराचे १७,९०० रुपये ऑनलाइन भरले. पैसे त्यांच्या खात्यातून गेले, सरकारजमाही झाले, आणि तरी नोव्हेंबरमध्ये नेमक्या तेवढ्याच रकमेची डिमांड निघाली. ती शून्यावर यायला फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहितेय. ज्येष्ठांच्या घरात हा घोळ फार सहज होतो. आणि पहिल्या आठवड्यात लक्षात आला तर घरबसल्या मिटतो, हे आम्हाला कळलं तोवर तो आठवडा उलटून गेला होता.

मुळात कर का निघाला, ते आधी सांगते. बाबा ७१ वर्षांचे, पुण्यात कर्वेनगरला राहतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात त्यांची पेन्शन ७,२०,००० रुपये आणि मुदतठेवींचं व्याज ३,८०,००० रुपये. नवीन करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १०,२५,००० उरलं. त्यावर कर ५३,७५० आणि चार टक्के उपकर धरून एकूण ५५,९००. ठेवींच्या बँकांनी दहा टक्के दराने ३८,००० टीडीएस कापला होता. पेन्शन देणाऱ्या बँकेला मात्र फक्त पेन्शन दिसते, ती वजावटीनंतर त्या वर्षीच्या सात लाखांच्या करमुक्त मर्यादेत राहते, म्हणून तिथे काहीच कापलं गेलं नव्हतं. उरले १७,९००. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या माणसाला आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळे रिटर्न भरण्याआधी ही रक्कम स्वयंनिर्धारण कर म्हणून एकदम भरली तरी व्याज लागत नाही.

बाबांचं रिटर्न भरायला सोसायटीतल्या ओळखीतला एक मुलगा येतो. ९ सप्टेंबरला रात्री त्याने आयकराच्या पोर्टलवर e-Pay Tax मध्ये चलन तयार केलं आणि बाबांनी नेटबँकिंगने पैसे भरले. ओटीपी टाकला, पैसे कटल्याचा मेसेज आला, आणि बँकेच्या पानावरून पोर्टलवर परत येताना सेशन संपल्याची सूचना झळकली. पावती काही आली नाही. बाबांचा मला फोन आला तेव्हा ते दुसऱ्यांदा भरायच्या बेतात होते. "पैसे गेले की नाही तेच कळत नाहीये," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

अशा वेळी पैसे पुन्हा भरू नयेत. प्रत्येक चलनाला पोर्टल एक सीआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, देतं. त्या रात्री बाबांचा सीआरएन Generated Challans या टॅबमध्येच होता, म्हणजे चलन तयार झालंय पण बँकेकडून पैसे मिळाल्याची खबर पोर्टलपर्यंत आलेली नाही. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम वजा झालेली स्पष्ट दिसत होती. बँक आणि पोर्टल यांचा हिशेब जुळला की तेच चलन Payment History मध्ये सरकतं आणि पावती डाउनलोड करता येते. आमच्याकडे ते दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. पावतीवर कर भरल्याची तारीख ९ सप्टेंबर हीच होती, म्हणजे मधल्या खोळंब्याने तारखेत फरक पडला नाही. ते चलन तिथे आलंच नसतं, तर बँकेकडे व्यवहार क्रमांक देऊन विचारायचं असतं की पैसे पुढे गेले की परत येणार आहेत.

पावती आली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या पावतीवर बँकेच्या शाखेचा बीएसआर कोड, चलन क्रमांक, तारीख आणि रक्कम बरोबर होती. त्यांच्याच वर Assessment Year समोर 2024-25 लिहिलेलं होतं. ते 2025-26 हवं होतं.

ही चूक इतकी सहज का होते ते समजून घेण्यासारखं आहे. कर २०२४-२५ मध्ये मिळालेल्या उत्पन्नावरचा. ते झालं आर्थिक वर्ष. त्या उत्पन्नाची आकारणी पुढच्या वर्षी होते, म्हणून आकारणी वर्ष २०२५-२६. चलन करताना पोर्टल विचारतं ते आकारणी वर्ष, आणि डोक्यात असतं ते आर्थिक वर्ष. यादीत दोन्ही वर्षं एकाखाली एक दिसतात. त्या मुलाने "गेल्या वर्षीचं उत्पन्न" म्हणून २०२४-२५ निवडलं. पोर्टल अडवत नाही, कारण मागच्या वर्षाचा कर आज भरणंही नियमात बसतं.

१५ सप्टेंबरला त्याने रिटर्न भरलं. त्या वर्षी मुदत तेवढीच होती, शेवटच्या क्षणी ती एका दिवसाने वाढली. रिटर्नमध्ये टीडीएस आपोआप आलेला होता, हे १७,९०० मात्र आले नव्हते, म्हणून त्याने पावती पाहून ते हाताने भरले. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रिटर्नच्या त्या तक्त्यात बीएसआर कोड, तारीख, चलन क्रमांक आणि रक्कम एवढंच विचारतात. चलनावरचं वर्ष कुणी विचारत नाही. त्यामुळे रिटर्न बिनतक्रार भरलं गेलं, देय कर शून्य दिसला, आधार ओटीपीने पडताळणीही झाली. कर भरून पाच-सहा दिवस झाले तरी तो रिटर्नमध्ये आपोआप उतरत नाही, हीच पहिली खूण होती. त्या दिवशी पावतीवरचं वर्ष पाहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण ऑनलाइन दुरुस्तीची मुदत तेव्हा अजून शिल्लक होती.

दिवाळी झाली. ११ नोव्हेंबरला बाबांच्या ईमेलवर कलम १४३(१) ची सूचना आली. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. आत दोन रकाने असतात, एकात आपण रिटर्नमध्ये लिहिलेलं आणि दुसऱ्यात खात्याने हिशेब केलेलं. अशी सूचना आली की शेवटचा आकडा पाहून घाबरण्याऐवजी दोन रकाने ओळीओळीने ताडून पाहावेत. बाबांच्या सूचनेत उत्पन्न जुळत होतं, कर जुळत होता, टीडीएस जुळत होता. स्वयंनिर्धारण कराच्या ओळीत डावीकडे १७,९०० आणि उजवीकडे शून्य होतं. म्हणजे पैसे या वर्षाच्या खात्यात दिसतच नव्हते.

मग गेले कुठे? पोर्टलवरचा एआयएस, म्हणजे आपल्या उत्पन्नाचा आणि भरलेल्या कराचा वर्षवार तपशील, उघडला. आकारणी वर्ष २०२५-२६ चा पाहिला तर स्वतः भरलेल्या कराच्या भागात काही नाही. २०२४-२५ चा पाहिला तर तिथे १७,९००, तारीख ९ सप्टेंबर २०२५, तोच चलन क्रमांक. पैसे सुखरूप होते, शेजारच्या वर्षात जाऊन बसले होते. कुणाच्याही बाबतीत असं झालं तर ही दोन वर्षं उघडून पाहणं ही पहिली तपासणी. आगेमागेच्या कुठल्याच वर्षात चलन सापडलं नाही तर पॅन चुकल्याची शंका घ्यावी, आणि ते प्रकरण वेगळं, कारण मग पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर पडलेले असतात.

बाबा त्या दिवशी अस्वस्थ होते. सगळी नोकरी सरकारी, कधी कुणाचा पैसा थकवला नाही, आणि हातात सरकारचाच मागणीचा कागद. "आपण आत्ता भरून टाकू, नंतर बघू," असं ते म्हणत होते. मी त्यांना थांबवलं. दुसऱ्यांदा भरलं असतं तर डिमांड मिटली असती, पण आधीचे १७,९०० जुन्या वर्षात अडकून राहिले असते. त्या वर्षाचं रिटर्न केव्हाच प्रक्रिया होऊन गेलेलं होतं आणि त्यात हे चलन दाखवलेलं नव्हतं, त्यामुळे आपोआप परतावा निघण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र डिमांडकडे दुर्लक्षही करता येत नाही. सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत रक्कम भरली नाही तर पुढे दरमहा एक टक्का व्याज लागतं. बाबांच्या बाबतीत ते महिन्याला १७९ रुपये. दुरुस्ती होऊन डिमांड रद्द झाली की हे व्याजही तिच्याबरोबर जातं. ते समजल्यावर बाबांचा जीव जरा थाऱ्यावर आला.

आता पोर्टलवरची चलन दुरुस्ती. लॉगिन करून Services मध्ये Challan Correction असा पर्याय आहे. तिथे तीनच गोष्टी बदलता येतात: आकारणी वर्ष, मुख्य शीर्ष आणि उपशीर्ष. मुख्य शीर्ष म्हणजे कर कंपनीचा की इतरांचा, व्यक्तीसाठी ते ००२१. उपशीर्ष म्हणजे भरणा कसला: १०० आगाऊ कर, ३०० स्वयंनिर्धारण कर, ४०० डिमांडपोटी भरलेला कर. शीर्षं बदलायला चलन भरल्यापासून तीस दिवस मिळतात. आकारणी वर्ष बदलायला फक्त सात. एका चलनासाठी ही विनंती एकदाच करता येते आणि ते चलन आधी कुठल्या रिटर्नमध्ये वापरलं गेलेलं नसावं लागतं. शुल्क काही नाही, ओटीपीने पडताळणी केली की झालं. सगळ्यात जास्त चुकणाऱ्या गोष्टीला सगळ्यात कमी दिवस का, हे मला पटत नाही. पण नियम तसा आहे, म्हणून पावती हातात आल्या आल्या तिच्यावरचं वर्ष वाचायचं.

आमची मुदत १६ सप्टेंबरलाच संपली होती. ती संपल्यावर दुरुस्ती फक्त आपल्या कार्यक्षेत्राचे कर निर्धारण अधिकारी करू शकतात. म्हणून दोन कामं एकाच वेळी सुरू केली.

पहिलं, डिमांडला उत्तर. Pending Actions मध्ये Response to Outstanding Demand इथे डिमांड मान्य नसल्याचा पर्याय निवडला. कारणांच्या यादीत Demand paid and challan has CIN असं एक कारण आहे, म्हणजे रक्कम भरली आहे आणि त्या चलनाला ओळख क्रमांक आहे. ते निवडल्यावर चलनाचा तपशील आणि पावतीची पीडीएफ मागतात. टिपणाच्या जागेत दोन वाक्यांत लिहिलं की चलनावर आकारणी वर्ष चुकलं आहे आणि दुरुस्तीसाठी अधिकाऱ्यांकडे अर्ज करत आहोत. याने डिमांड जात नाही. पण करदात्याने वेळेत आक्षेप नोंदवलाय हे नोंदीत राहतं. उत्तराचा व्यवहार क्रमांक मिळाला, तो जपून ठेवला.

दुसरं, अधिकाऱ्यांकडे अर्ज. आपला अधिकारी कोण ते प्रोफाइलमध्ये कार्यक्षेत्राच्या तपशिलात दिसतं: वॉर्ड, इमारतीचा पत्ता, कार्यालयाचा ईमेल. हे पाहिल्याशिवाय घरातून निघू नका. पुण्यात आयकर खात्याची कार्यालयं एकाच इमारतीत नाहीत, आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी पॅन काढलेल्या कित्येकांचं कार्यक्षेत्र अजून त्या जुन्या गावीच असतं. बाबांचं सुदैवाने पुण्यातच निघालं.

अर्ज एका पानाचा केला. विषयात पॅन आणि "चलनातील आकारणी वर्ष दुरुस्त करणेबाबत" असं स्पष्ट. मग चलनाचा तपशील, "सध्या नोंदलेलं वर्ष २०२४-२५, हवं असलेलं वर्ष २०२५-२६", आणि कारण तीन-चार ओळींत. लांब कहाणी लिहिली नाही. सोबत चलनाची पावती, पैसे वजा झाल्याचं बँक स्टेटमेंटचं पान, १४३(१) ची सूचना, रिटर्नची पोच, दोन्ही वर्षांचे एआयएस आणि पॅनची स्वाक्षांकित प्रत. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षाचं आधीच भरलेलं रिटर्न आणि त्यावरची सूचना. ही शेवटची दोन जोडायला सांगितलं ते माझ्या एका मैत्रिणीने, ती सीए आहे. ती म्हणाली, "अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार की हे पैसे जुन्या वर्षात कुणी वापरले तर नाहीत ना." त्याच कारणासाठी बाबांनी साध्या कागदावर एक हमीपत्रही सही करून दिलं: या चलनाची वजावट २०२४-२५ साठी घेतलेली नाही, घेणार नाही, आणि तिच्यापोटी परतावाही मिळालेला नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि बाबा रिक्षाने गेलो. सगळ्या कागदांचे दोन संच केले होते. आवक विभागात एक दिला आणि दुसऱ्याच्या पहिल्या पानावर तारखेचा शिक्का मारून पोच घेतली. मग वॉर्डात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने कागद चाळले आणि खरोखरच पहिला प्रश्न तोच आला: "काका, आधीच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये हे चलन घेतलंय का?" बाबांनी हमीपत्र पुढे केलं. त्या कर्मचाऱ्याने आपल्या संगणकावर चलन वापरलेलं नसल्याची खात्री केली आणि साहेबांच्या मंजुरीसाठी ठेवतो म्हणाला. तोच अर्ज आणि पोच आम्ही कार्यालयाच्या ईमेलवरही पाठवली. पुढे विचारणा करताना त्याच ईमेलच्या साखळीत लिहीत राहिलो, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागलं नाही.

यानंतर वाट पाहणं. खर्च म्हणाल तर झेरॉक्स आणि रिक्षा, इतकाच. जड गेली ती अनिश्चितता. बाबा रोज सकाळी पेपर वाचून झाला की पोर्टल उघडायला सांगायचे. शेवटी आम्ही ठरवलं की डिमांडचं पान बघायचंच नाही, आठवड्यातून एकदा एआयएस बघायचा, कारण बदल आधी तिथेच दिसणार. डिसेंबरच्या अखेरीस एकदा तो उघडला आणि २०२४-२५ मधून ती ओळ गेलेली होती. २०२५-२६ मध्ये तीच रक्कम, तोच चलन क्रमांक आणि ९ सप्टेंबर हीच तारीख. दुरुस्तीनंतरही भरण्याची मूळ तारीख कायम राहते हे महत्त्वाचं, नाहीतर उशिरा भरल्याचा प्रश्न आला असता.

बाबांना वाटलं संपलं. पण डिमांड तशीच उभी होती. चलन योग्य वर्षात आलं तरी झालेल्या हिशेबात आपोआप बदल होत नाही, हिशेब पुन्हा करा असं आपण सांगावं लागतं. त्यासाठी Services मध्ये Rectification. तिथे २०२५-२६ ची सूचना निवडून Reprocess the return हा पर्याय घेतला. आमच्या रिटर्नमध्ये चलनाचा तपशील बरोबर लिहिलेला होता म्हणून हाच पर्याय पुरला. रिटर्नमध्येच बीएसआर कोड किंवा चलन क्रमांक चुकला असेल तर Tax credit mismatch correction घ्यावा लागतो, त्यात तो तपशील सुधारता येतो. एक सावधगिरी: एआयएस मध्ये चलन योग्य वर्षात दिसायच्या आधी ही विनंती करू नका. आधी केली तर खात्याला तेव्हाही शून्यच दिसणार आणि तीच डिमांड पुन्हा येणार.

विनंती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केली. फेब्रुवारीत कलम १५४ चा दुरुस्तीचा आदेश ईमेलवर आला, त्याच पासवर्डने उघडला. स्वयंनिर्धारण कराच्या ओळीत या वेळी दोन्ही रकान्यांत १७,९०० होते, आणि खाली देय रक्कम शून्य. दोन दिवसांनी पोर्टलवर थकीत डिमांडचं पानही रिकामं झालं. बाबांनी आदेशाची प्रत काढून अर्जाची शिक्का मारलेली पोच, दुरुस्तीनंतरचा एआयएस आणि मूळ पावती यांच्यासोबत एकाच फाइलमध्ये लावली.

२०२५-२६ च्या उत्पन्नावरचा कर भरताना आकारणी वर्ष २०२६-२७ निवडायचं आहे. आम्ही ठरवलंय की पैसे भरायच्या आधी चलनाचा जो आढावा पडद्यावर येतो तो बाबांनी मोठ्याने वाचायचा, मी फोनवर ऐकायचा, आणि मगच ओटीपी टाकायचा. पावती आली की त्याच दिवशी तीही वाचायची आणि चार-पाच दिवसांनी एआयएस मध्ये ती ओळ योग्य वर्षात आली का ते पाहायचं, म्हणजे काही चुकलंच तर सात दिवसांची मुदत संपायच्या आत ते कळेल.